शिक्का उसना देत नाहीत

गेली सहा-सात वर्षं आत्याचा कुठलाही पासवर्ड अडला की ती साताऱ्याहून मला फोन करते आणि मी पुण्यात बसून तो बदलून देतो. पद्धत ठरून गेलेली. मी माझ्या कॉम्प्युटरवर बँकेचं पान उघडतो, तिचं युजरनेम टाकतो आणि फोनवर म्हणतो, "आत्या, आता तुझ्या मोबाइलवर एक नंबर येईल, तो सांग पटकन." ती चष्मा शोधते, सहा आकडे एकेक करून वाचून दाखवते आणि काम होतं.

गेल्या महिन्यात दुपारी तिला एक अनोळखी फोन आला. बँकेतून बोलतोय म्हणाला. शेवटी त्याने सांगितलं, "मॅडम, आता तुमच्या मोबाइलवर एक नंबर येईल, तो सांगा पटकन." आत्याने हा प्रसंग मला जसाच्या तसा सांगितला, तेव्हा त्या माणसाच्या लबाडीपेक्षा मला दुसरंच काही टोचलं. वाक्य माझं होतं. 'आत्या'च्या जागी 'मॅडम' एवढाच फरक.

म्हणून जुलैतल्या एका रविवारी मी साताऱ्याला गेलो. आत्याला इन्कम टॅक्सच्या रिटर्नसाठी मुदत ठेवींच्या व्याजाचं प्रमाणपत्र हवं होतं, ते नेटबँकिंगमध्ये मिळतं, आणि पासवर्ड काही आठवत नव्हता. दोनदा चुकला होता. तिसऱ्यांदा टाकायला निघाली तेव्हा मी थांबवलं, कारण ओळीने तीनदा चुकलं की बऱ्याच बँका त्या दिवसापुरतं खात्याचं दार बंद करतात. आत्याचं वय 76. पोस्टात बचत खात्याच्या खिडकीवर तिची सगळी नोकरी झाली. तिला काही शिकवायचं म्हणजे आधी तिच्याशी भांडावं लागतं. ते भांडण जसं झालं तसं मांडतो.

आत्या : एवढ्या लांब आलास ते बरं केलंस, पण फोनवर झालं असतं की. नेहमी होतं.

मी : या वेळी मी करणार नाही. तू करायचंस, मी नुसता शेजारी बसणार. आणि ओटीपी आला की तो मलासुद्धा सांगायचा नाही.

आत्या : म्हणजे आता माझ्या भावाच्या मुलावरही मी विश्वास ठेवायचा नाही?

मी : माझ्यावर ठेव. सवयीवर ठेवू नकोस. 'नंबर आला की वाचून दाखवायचा' ही सवय तुला मी लावली. त्या माणसाला नव्याने काही शिकवावं लागलं नाही.

आत्या : सवयीचं मला सांगू नकोस. गॅसवाला दारात येतो, त्याला मी आकडा सांगते. सांगितल्याशिवाय तो सिलिंडर देत नाही. मागे तुझ्याबरोबर गाडीत बसले, ती टॅक्सी रे, त्याने आकडा विचारला, तू सांगितलास. आणि मग फोनवर सारखी ती बाई ओरडते, ओटीपी कुणालाही सांगू नका. सांगायचा की नाही, एक काय ते ठरवा.

मी जरा गप्प झालो. तिचं बरोबर होतं. 'कुणालाही सांगू नका' हा नियम आपण सगळे दर आठवड्याला मोडतो आणि मग म्हाताऱ्या माणसांना तो पाळता येत नाही म्हणून रागावतो.

मी : दोन वेगळ्या जातीचे आकडे आहेत. गॅसचा आकडा ही पोचपावती आहे. सिलिंडर दारात आला, डोळ्यांना दिसला, मग तू आकडा दिलास. तो सांगण्यासाठीच पाठवलेला असतो आणि चुकलंच तर नुकसान एका सिलिंडरचं. पासवर्ड बदलण्याचा आकडा पोचपावती नाही. त्याने कुलूप बदलतं. तो ज्याच्या हातात, त्याची किल्ली.

आत्या : पण दोन्ही आकडेच. दिसायला सारखे.

मी : आकडे सारखे, मेसेज सारखा नाही. तू मेसेजमधला नंबर तेवढा वाचतेस. नंबराच्या आजूबाजूची ओळ वाचायची. त्या माणसाच्या वेळचा मेसेज अजून आहे का?

आत्याने मोबाइल पुढे केला. ती काही पुसत नाही, पोस्टातली सवय. मेसेज होता, बँकेच्याच नावाने आलेला:

```
482913 is your OTP to reset login password.
Valid for 5 minutes. Do not share with anyone.
```

(आकडे मी इथे बदलले आहेत.)

मी : वाच. `reset login password`. तो तुला काय म्हणाला होता?

आत्या : केवायसीचं नूतनीकरण म्हणाला. पासवर्डचं नावही काढलं नाही त्याने.

मी : म्हणजे मेसेज एक सांगतोय आणि माणूस दुसरंच. दोघांचं जुळत नसेल तर मेसेज खरा धरायचा.

आत्या : तिथेच तर मी फसत होते. मला वाटलं, हा बँकेचाच असणार. तो म्हणाला, 'आता मी बँकेतून नंबर पाठवतो', आणि दोन सेकंदांत मेसेज आला. बँकेच्या नावाने. खोटा माणूस बँकेच्या नावाने मेसेज कसा पाठवेल?

मी : त्याने पाठवलाच नाही. बँकेने पाठवला. बँकेच्या पानावर जाऊन `Forgot Password` कुणीही दाबू शकतं. त्याने तिथे तुझी माहिती भरली आणि बटण दाबलं. बँकेच्या यंत्राला वाटलं, खातेदाराला पासवर्ड बदलायचाय. यंत्राने इमानदारीने तुझ्या नोंदलेल्या मोबाइलवर आकडा धाडला. मेसेज शंभर टक्के खरा, माणूस शंभर टक्के खोटा. खरा मेसेज हा त्याचा पुरावा नव्हेच.

आत्या : माझी माहिती त्याच्याकडे कुठून आली?

मी : तू दिलीस. आठव, आधी काय विचारलं?

आत्या : माझं नाव त्याला ठाऊक होतं. खात्याचे शेवटचे चार आकडेही त्यानेच सांगितले. मग म्हणाला, 'ओळख पटवण्यासाठी' जन्मतारीख सांगा, युजरनेम सांगा... (थांबते) अरे, पण हे उलटंच झालं की. खिडकीवर जो येतो त्याने ओळख पटवायची. मी कधी खिडकीतून हात बाहेर काढून 'ही बघा मी पोस्टाची बाई' असं म्हटलं का? तो माझ्या दारात आला आणि ओळख मीच देत बसले.

मी : मग आकडा का नाही दिलास?

आत्या : मी म्हटलं, थांबा, पेन आणते. नाव, वेळ, काय बोलणं झालं ते लिहून ठेवायची मला सवय. पेन सापडेना. तर तो चिडला. 'मॅडम, लवकर सांगा, वेळ संपतोय.' तेव्हा डोक्यात कुठेतरी घंटा वाजली. खिडकीवर जो घाई करतो त्याचा पैसे काढायचा फॉर्म मी दोनदा तपासायची. नमुना सही काढून शेजारी ठेवायची. घाईच्या माणसाची सही बहुतेक वेळा नीट असते, पण एखाद्या वेळी नसते.

मी : त्याला घाई का होती हे मेसेजमध्येच लिहिलंय. `Valid for 5 minutes`. पाच मिनिटांनी आकडा मेला. तुझं पेन हरवलं म्हणून तू वाचलीस.

आत्या : (हसून) तारखेच्या शिक्क्यासारखं आहे हे. रोज सकाळी शिक्क्यातली तारीख बदलायची. कालच्या तारखेचा ठसा आज उपयोगाचा नाही. आणि तो शिक्का आम्ही कुणाला हातात देत नव्हतो. कागद आणा, मी मारते. शिक्का उसना मागायला साहेबाचा भाऊ आला तरी नाही.

मी जे अर्धा तास समजावणार होतो ते तिने एका दमात सांगून टाकलं. ओटीपी म्हणजे पाच मिनिटांनी तारीख बदलणारा शिक्का. तो आपल्या हाताने, आपल्या समोरच्या कागदावर मारायचा.

मी : मग आता कागद कुठला ते ठरवू. पासवर्ड बदलायला कुठून आत जाशील?

आत्या : गूगलवर बँकेचं नाव टाकते. पहिलं येतं ते दाबते.

मी : तिथे जाहिराती वर येतात, कुणीतरी टाकलेले खोटे कस्टमर केअर नंबरही असतात. दोनच दारं लक्षात ठेव. मोबाइलमध्ये आधीपासून असलेलं बँकेचं ॲप, नाहीतर पासबुकावर छापलेला पत्ता स्वतःच्या हाताने टाइप करून. आणि पत्त्याचं शेपूट बघ. रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत `.bank.in` या पत्त्यावर यायला सांगितलं. ते नाव कुणालाही विकत मिळत नाही, बँकांनाच मिळतं.

आत्या : म्हणजे `.bank.in` दिसलं की झालं?

मी : कुठे दिसतंय ते बघायचं. हे दोन पत्ते बघ.

```
amuk.bank.in/login
amuk.bank.in.kyc-help.xyz/login
```

पहिली तिरकी रेघ येते तिच्या लगेच आधी काय आहे? वरच्यात `bank.in`. खालच्यात `kyc-help.xyz`. खालच्याने बँकेचं नाव नुसतं दारावर रंगवलंय, घर दुसऱ्याचं आहे.

आत्या : पाकिटावरचा पत्ताही आम्ही खालूनच वाचायचो. आधी गाव, मग गल्ली, नाव सगळ्यात शेवटी.

पासबुक बघत तिने एका बोटाने पत्ता टाइप केला. `Forgot Password` वर दाबलं. पानाने युजरनेम, खाते क्रमांक, नोंदलेला मोबाइल, जन्मतारीख विचारली आणि चित्रातली वेडीवाकडी अक्षरं लिहायला लावली. अक्षरं एकदा चुकली. नवी आली, ती जमली. `Submit` दाबल्यावर टेबलावरचा मोबाइल वाजला आणि तिने सवयीने उचलून वाचायला सुरुवात केली, "चार, सात..."

मी : आत्या!

आत्या : (तोंडावर हात ठेवून) बघ. तोंडातूनच जातं.

मी : क्रमाने कर. आधी, हे मी मागवलं का? हो, आत्ता तूच बटण दाबलंस. मग, कशासाठी आलंय? ओळ वाच. पासवर्डसाठी, तेच काम आपण करतोय. शेवटी आकडे. ते तोंडाने नाही, बोटाने. तू उघडलेल्या पानावरच्या चौकटीत.

तिने मोबाइल माझ्यापासून थोडा वळवून धरला. मला बरं वाटलं. आकडे टाकले. पुढच्या पानाने दुसरा पुरावा मागितला: एटीएम कार्डाची माहिती आणि पिन.

आत्या : आता हा पिन मागतोय! पिन कुठेही द्यायचा नाही म्हणतोस ना?

मी : शंका बरोबर आहे. काही बँका इथे कार्ड मागतात, काही वेगळा प्रोफाइल पासवर्ड. एकटा आकडा पुरू नये म्हणून हे दुसरं कुलूप. फरक एवढाच, की या पानावर तू स्वतः चालत आलीस. पत्ता पुन्हा एकदा बघ आणि टाक. हेच पान कुणी पाठवलेल्या लिंकवरून उघडलं असतं तर इथेच बंद करायचं होतं.

आत्या : समज, त्या दिवशी मी आकडा दिला असता. पैसे लगेच गेले असते?

मी : बहुधा एका आकड्यावर नाही. आधी त्याने कार्डाचं काहीतरी काढून घेतलं असतं, 'पडताळणी' म्हणून. मग नवा पासवर्ड लावून आत शिरला असता. आत गेल्यावर त्याला तुझ्या ठेवी दिसतात, आणि ऑनलाइन ठेव मोडता येते. पैसे बाहेर पाठवायला पुन्हा ओटीपी लागतो, म्हणून तो फोन ठेवू देत नाही. 'अजून एक नंबर येईल' म्हणतो. पहिला दिला की दुसरा देणं सोपं होतं.

आत्या : आणि न सांगता कुणी काढून घेईल का?

मी : घेतात. 'मदतीसाठी हे ॲप टाका' म्हणून तुझा पडदा त्यांच्याकडे दिसेल असं ॲप टाकायला लावतात. मग तू तोंड मिटून बसलीस तरी मेसेज ते वाचतात. मेसेजचा फोटो पाठवणं, मेसेज पुढे ढकलणं, हेही सांगणंच.

नवा पासवर्ड ठरवायची वेळ आली तेव्हा तिने माझ्या धाकट्या बहिणीचं नाव आणि जन्मसाल लिहायला घेतलं. ते घरातल्या सगळ्यांना माहीत, आणि फेसबुकवर वाढदिवसाच्या फोटोंखालीही आहे. मी म्हटलं, एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द घे, तुला डोळ्यांसमोर दिसतील असे, आणि मध्ये एखादा आकडा आणि चिन्ह घाल. काय घेतले ते मी पाहिलं नाही. ती स्वतःशीच हसत होती, एवढं दिसलं.

आत्या : हे मी वहीत लिहिणार. तू नको म्हणशील.

मी : घरातल्या कपाटातल्या वहीत लिही. फोनवरून लुटणारा कपाट उघडत नाही. पण शेजारी बँकेचं नाव आणि युजरनेम नको. आणि मोबाइलमध्ये कुणाच्या तरी नावाखाली लपवून ठेवू नकोस. मोबाइल गेला की दोन्ही गेलं.

पासवर्ड बदलल्याचा मेसेज आला. आत्याने तो मोठ्याने वाचला, कारण त्यात आकडा नव्हता.

मी : हा मेसेज तू काही न करता आला तर मात्र उठायचं. नुसता ओटीपी न मागता आला तर दार कुणीतरी वाजवलंय, आत आलेलं नाही. आकडा कुणाला द्यायचा नाही, पाच मिनिटांत मरतो. पण 'पासवर्ड बदलला' असं न बदलता आलं, किंवा चुकून आकडा दिला गेला, तर कार्डाच्या मागच्या नंबरवर बँकेला फोन करून खातं थांबवायचं आणि लगेच 1930 लावायचा. तक्रारीचा क्रमांक वहीत लिहायचा.

आत्या : आणि चूक माझी म्हणून बँक हात वर करणार.

मी : काही अंशी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकाने ठरवलं, की खातेदाराने स्वतः गुप्त माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे लाजून रात्रभर गप्प बसलीस तर रात्रीत गेलेलं तुझं, आणि लगेच फोन केलास तर त्यापुढचं बँकेचं.

आत्या : लाज तर वाटलीच असती. तुम्ही पोरं हसता. आणि खरं सांगू का, मला हे सगळं अन्यायाचं वाटतं. खिडकीवर चूक होऊ नये ही जबाबदारी माझी होती, पगार घेत होते मी. आता बँकेने खिडकीच माझ्या घरात आणून ठेवली आणि पहाराही मलाच द्यायला लावला. या वयात पत्त्याची शेपटं कुठे बघत बसू? मी शाखेत जाईन. पासबुक दाखवीन, सही करीन. ते म्हणतील या, तेव्हा जाईन.

मी : जा. शाखेत जाऊन पासवर्ड बदलून घेणं हाही बँकेचाच रस्ता आहे, त्यात कमीपणा नाही. घाबरली असशील, पत्त्याबद्दल शंका असेल, तर तोच बरा. एवढंच, की शाखेतल्या माणसानेही 'ओटीपी सांगा' म्हटलं तर म्हणायचं, चौकट दाखवा, मी टाकते.

आत्या : साहेबाला असं म्हणू?

मी : तू म्हणत नव्हतीस?

ती काही बोलली नाही. व्याजाचं प्रमाणपत्र उतरवून घेतलं, छापलं, फाइलला लावलं. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली. फोनवर मी हे सहा मिनिटांत करून द्यायचो, आणि त्या सहा मिनिटांत दर वेळी तिला एकच गोष्ट शिकवायचो: घाईने मागणाऱ्या ओळखीच्या आवाजाला आकडा वाचून दाखवायचा.

निघताना तिच्या टेलिफोनच्या वहीचं पहिलं पान उघडं होतं. 1930 वर लाल शाईने चौकट होती. खाली तिच्या पोस्टाच्या अक्षरात तीन प्रश्न: मी मागवला का? कशासाठी आला? मी कुठल्या दाराने आले? आणि त्याखाली, 'शिक्का उसना देत नाहीत.'

आता तुम्हाला सांगायचं ते एवढंच. तुमच्या आई-वडिलांचा, मामा-आत्याचा पासवर्ड अडला आणि तुम्ही दूर असाल, तर त्यांच्याकडून ओटीपी मागू नका. रविवारपर्यंत थांबा, शेजारी जाऊन बसा, नाहीतर त्यांना शाखेत जाऊ द्या. फारच निकड असेल तर फोनवर पायऱ्या सांगा आणि मेसेज आला की म्हणा, "मला सांगू नकोस, तूच टाक." हे वाक्य त्यांनी तुमच्या तोंडून दहा वेळा ऐकलं असेल, तर अकराव्या वेळी फोनवर कुणीही असो, त्याचं वाक्य त्यांना खटकेल.